‘औषध द्या आणि झोपवा’: एका रात्रीच्या सूचनांचं भाषांतर

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, ग्रामीण रुग्णालयापासून साधारण 12 किलोमीटर आत. गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. मुलगा पाच वर्षांचा, त्याला इथे चिनू म्हणू. घरात आई, वडील आणि आजी. वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून बँकेतल्या मॅडम राहतात. त्या मूळच्या तमिळनाडूच्या, अधिकारी म्हणून पहिलीच नेमणूक या भागातल्या शाखेत. हिंदी कामापुरती बोलतात, वाचताना अडखळतात. मराठी समजायला नुकती लागली आहे. इंग्रजी मात्र पक्कं. चिनू त्यांना ‘मॅडममावशी’ म्हणतो आणि संध्याकाळचा निम्मा वेळ वरच असतो.

नवरात्रात आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सेवाग्रामला मिळाली. सोबत सून जाणार, म्हणजे एक रात्र तरी ती घराबाहेर. कपाशीत रानडुकरं शिरत होती, त्यामुळे वडील रोज रात्री जागलीवर, आणि शेतात रेंजचा भरवसा नाही. एरवी आजी असायची म्हणून कधी प्रश्न पडला नव्हता. मॅडम आपणहून म्हणाल्या, मी सांभाळते.

चिनूला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. वर्षभरापूर्वी एका लग्नात चिक्की खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजले, उलट्या झाल्या आणि रुग्णालयात इंजेक्शन द्यावं लागलं. तेव्हापासून घरात दाण्याचा कूट वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर असतो.

आईने वहीचं पान दोन्ही बाजूंनी भरून सूचना लिहिल्या होत्या. तिच्या भाच्याने त्या मोबाइलवर इंग्रजीत करून दिल्या. मी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि गावातल्यांचे अर्ज, दाखले, पत्रं अधूनमधून करून देतो, म्हणून ती दोन्ही कागद घेऊन आली. ‘सर, एकदा नजर घाला’ एवढंच तिचं मागणं होतं.

अडचण

भाच्याचं इंग्रजी व्याकरणाला बरं होतं. अडचण दुसरीकडे होती. मूळ कागदावर आजीच्या तोंडचं वाक्य आईने जसंच्या तसं उतरवलं होतं: ‘शेंगदाणा खाल्ला तर अंगावर पित्त उठते. पिवळ्या बाटलीतलं औषध अर्धा चमचा द्याचं अन् झोपवून टाकाचं. सकाळलोक बरं होते.’

इंग्रजीत या पित्ताची ‘अॅसिडिटी’ झाली होती. आपल्याकडे एकच शब्द छातीतल्या जळजळीलाही चालतो आणि अंगावर उठणाऱ्या लाल, खाजऱ्या गांधींनाही. ऐकणारा मराठी माणूस ‘अंगावर’ या शब्दावरून बरोबर ओळखतो. इंग्रजी वाचणाऱ्या बाईंना मात्र तो कागद सांगत होता की दाणे खाल्ले तर मुलाला आम्लपित्त होतं. त्यांनी फार तर थंड दूध दिलं असतं.

पुढचा शब्द ‘चमचा’. भाच्याने ‘हाफ टीस्पून’ केलं होतं. टीस्पून म्हणजे औषधाच्या हिशेबात 5 मिली, अर्धा म्हणजे अडीच. आजीचा चमचा म्हणजे घरातला भाजीचा मोठा चमचा, आणि तो अर्धा भरला की किती होतं ते कोणी मोजलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वच्छ 5 मिली लिहिलं होतं. हा आकडा चिनूच्या चिठ्ठीचा, दुसऱ्या कोणत्या मुलाचा नव्हे.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘झोपवून टाकाचं’. त्याचं भाषांतर अगदी बिनचूक झालं होतं आणि धोका नेमका तिथेच होता. सेटिरिझिनसारख्या अॅलर्जीच्या औषधाने गांधी आणि खाज कमी होते, पण घशाची सूज किंवा उतरलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. त्यात त्या औषधाने मुलाला पेंग येते. प्रतिक्रिया वाढत असेल तर पहिल्या खुणा म्हणजे मूल मलूल होणं, आवाज बसणं, पुन्हा उलटी. झोपलेल्या मुलात यातलं काही कळत नाही. निजलं आहे की बेशुद्ध होत चाललं आहे, हे दारातून बघणाऱ्याला कसं समजणार? आजीचा अनुभव खोटा नव्हता. आधी दोनदा नुसत्या गांधी उठल्या होत्या आणि सकाळपर्यंत बऱ्याही झाल्या होत्या. लग्नातली रात्र मात्र तिच्या त्या वाक्यात नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: चुकलेले शब्द दुरुस्त करायचे, बाकी जसं आहे तसं इंग्रजीत ठेवायचं. मूळ मजकुराशी प्रामाणिक राहणं हे भाषांतर करणाऱ्याचं काम, आणि सूचना चुकीची असेल तर ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. अर्ज-दाखल्यांत मी हेच करतो. इथे ते पटेना, कारण हा कागद वाचून कोणी फायलीला लावणार नव्हतं, रात्री घाईत त्याप्रमाणे वागणार होतं.

दुसरा पर्याय म्हणजे ते वाक्य मीच बदलून टाकायचं. मोह होता. पण मी डॉक्टर नाही, आणि आईच्या नावाने जाणाऱ्या कागदात तिला न विचारता औषधाची सूचना फिरवणं बरोबर नव्हतं. शिवाय मी काय लिहिणार होतो, तर कुठे तरी वाचलेलं.

तिसरा पर्याय आईच्या मनात होता. मुलाला त्या रात्री मामाच्या गावी पाठवायचं. तिथे सगळ्यांना मराठी कळतं, भाषांतराची गरजच नाही. पण मामाचं गाव रुग्णालयापासून आणखी लांब, घरात नवरात्राचे उपास, म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, आणि लेकराकडे लक्ष ठेवायला ठरलेलं एक माणूस नाही. मॅडम वाचून वागणाऱ्या होत्या. मला त्या जास्त भरवशाच्या वाटल्या.

शेवटी ठरलं ते असं की भाषांतर थांबवायचं, शंका असलेली वाक्यं विचारून घ्यायची आणि मग कागद नव्याने बांधायचा.

काय केलं

आधी डॉक्टर. चिनूला तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना आईने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. प्रश्न तीनच होते: औषध दिल्यावर झोपवायचं का, कोणत्या खुणा दिसल्या की घरी थांबायचं नाही, आणि बरं वाटलं तर जायचं रद्द करायचं का. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. नुसत्या गांधी असतील तर औषध देऊन समोर बसवून ठेवा, झोपवू नका. गांधींबरोबर उलटी, खोकला, बसलेला आवाज, धाप, ओठ-जिभेची सूज किंवा मलूलपणा यातलं एकही आलं तर लगेच रुग्णालय. वाटेत बरं वाटलं तरी परत फिरायचं नाही, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. चालवत न्यायचं नाही, उचलून न्यायचं. चक्कर आली तर आडवं करून पाय वर, धाप असेल तर बसतं ठेवायचं.

आजीला हे सांगणं नाजूक होतं. सुनेने तिच्यासमोर सूचना खोडली असती तर घरात वेगळीच आग लागली असती. मी आजीला विचारलं, ‘आजी, लग्नात झालं तेव्हा झोपवलं असतं तर?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तवा गोष्ट येगळी होती, सर. तवा त्याचा आवाजच निंगत नोता.’ ‘मॅडमला कसं कळणार आज कोणती गोष्ट आहे?’ यावर तिनेच सुनेला सांगितलं, ‘लिह्य मंग, डॉक्टर म्हन्ते तसं लिह्य.’

मग मॅडमना खाली बोलावलं. ओसरीवर चहा घेताना मी त्यांना विचारलं की चिनू वर येतो तेव्हा तुम्ही त्याला काय खाऊ घालता. या प्रश्नातून जे निघालं ते कोणत्याही वहीत नव्हतं. त्यांच्या लिंबूभातात फोडणीत दाणे असतात. इडलीबरोबर कधी दाण्याची चटणी. आजवर चिनूला दिलं नव्हतं, कारण ते त्याला तिखट लागतं, एवढंच. आमच्या कागदावर कूट, चिक्की, चिवडा, खिचडी अशी यादी होती आणि ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या एकाही पदार्थाला लागू पडत नव्हती. शिवाय त्यांनी विचारलं, भाजलेले चणे चालतील का? तमिळमध्ये ‘कडलै’ हा शब्द चण्यालाही लागतो आणि दाण्यालाही, आधी दुसरा शब्द जोडला की फरक कळतो. म्हणून इंग्रजीत ‘ग्राउंडनट’ लिहिलं, त्याच्यापुढे मॅडमनी स्वतःच्या हाताने तमिळ शब्द लिहिला, आणि पदार्थांची यादी काढून एकच नियम ठेवला: त्या रात्री चिनू फक्त आईने भरून ठेवलेल्या निळ्या डब्यातलं खाईल. फुटाणे त्याला चालतात, पण त्या रात्री तेही नाहीत, कारण दुकानात दोन्ही एकाच मापाने निघतात.

आता कागद. आईच्या वहीत सगळं एकाखाली एक होतं. दात घासणं, अॅलर्जी, गोष्ट सांगणं, फोन नंबर, मच्छरदाणी. मी त्याचे दोन कागद केले. पहिला फक्त अडचणीचा, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात. वरती दिसणाऱ्या खुणा, त्याखाली करायचं काम. ‘पित्त’ किंवा ‘अॅलर्जी वाढली’ असे शब्द टाळून डोळ्याला दिसेल तेच लिहिलं: अंगावर लाल, उंच, खाजणारे चट्टे, ओठ जाड, आवाज घोगरा. औषध बाटलीवरच्या नावाने, 5 मिली, सोबतच्या टोपणावर पेनाने रेघ मारलेली. आणि शेजारी एक रिकामी चौकट: औषध किती वाजता दिलं.

फोन नंबरांच्या यादीत ‘मोठे बाबा’, ‘काका’ आणि ‘मामा’ होते. इंग्रजीत तिघेही ‘अंकल’. नाती काढून टाकली आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो काय करू शकतो ते लिहिलं. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दोन घरं सोडून राहतात आणि त्यांच्याकडे चारचाकी आहे, म्हणून 108 नंतर लगेच त्यांचं नाव. वडिलांचं नाव खाली गेलं. त्यांना ते लागलं, पण जागलीवर फोन लागत नाही हे त्यांनाच ठाऊक होतं.

108 वर फोन केला की गाव, तालुका, जिल्हा, खूण विचारतात. उत्तर इंग्रजीत दिलं तर पलीकडच्याला गावाचं नाव ऐकू येईलच असं नाही. म्हणून या चार ओळी मुद्दाम इंग्रजीत केल्याच नाहीत. मराठीतच, पण रोमन अक्षरांत लिहिल्या: लेकराला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, उलटी होत आहे, अमुक गाव, अमुक तालुका, जिल्हा यवतमाळ, मारुतीच्या देवळासमोर. मॅडमनी त्या मोठ्याने वाचल्या, आजीने गावाचा उच्चार दोनदा दुरुस्त केला. गाडीला किती वेळ लागेल हे विचारायचं आणि उत्तर वीस मिनिटांपेक्षा जास्त आलं तर मोठ्या बाबांच्या गाडीने निघायचं, हेही आधीच ठरवून लिहिलं. रात्री असा निर्णय एकट्या परक्या माणसावर टाकणं अन्याय झाला असता.

दुसरा कागद झोपेचा. आठला जेवण, नवाला झोप, लाइट गेली तर विजेरी कुठे, गोष्ट कोणती. यातलं एक वाक्य भाच्याने हौसेचं समजून गाळलं होतं: ‘खाली झोपू देऊ नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा.’ हे डासांपुरतं नाही. आपल्याकडे मण्यार रात्री घरात शिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि चावा फार दुखत नाही म्हणून कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा लक्षात येतं. मॅडमच्या खोलीत गादी खालीच असते. कारण दिल्याशिवाय त्यांनी तो नियम पाळायचं काही कारण नव्हतं, म्हणून कारणही लिहिलं, आणि चिनू खालच्या घरात पलंगावरच झोपेल असं ठरलं.

या कागदाच्या शेवटी प्रसादाची ओळ होती: देवीच्या मंडळात मिळालेला प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा, चिनूला खायला देऊ नये. परक्या गावात प्रसादाला नाही म्हणायला मॅडम धजल्या नसत्या, म्हणून वागायचं कसं तेही लिहिलं.

त्या रात्री

आरतीला चिनू शेजारच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीबरोबर गेला. मॅडम घरातच होत्या, मंडळ समोरच. साडेआठच्या सुमारास तो मान खाजवत परत आला. हातात दाण्याच्या लाडवाचा अर्धा तुकडा होता.

मॅडमनी पहिला कागद भिंतीवरून काढला. मान आणि पोटावर चट्टे, बाकी काही नाही. औषध दिलं, चौकटीत 8.40 लिहिलं, त्याला मांडीवर बसवून मोबाइलवर चित्रं दाखवत ठेवलं. त्याला पेंग येऊ लागली. नंतर त्यांनी मला सांगितलं की याच वेळी त्यांना सगळ्यात जास्त वाटत होतं की आता झोपवावं, मूल शांत झालं आहे. कागदावर ठळक लिहिलं होतं, झोपवू नका. पंधराएक मिनिटांनी त्याला उलटी झाली आणि रडण्याचा आवाज घोगरा आला.

त्यांनी 108 लावला, रोमनमधल्या ओळी वाचल्या. पलीकडून हिंदीत प्रश्न आले, तेवढं त्यांना जमलं. रुग्णवाहिका दुसऱ्या कॉलवर होती, अर्धा तास सांगितला. मोठे बाबा तोवर दारात आले होते; ते निघाले. रुग्णालयात डॉक्टरांनी मांडीत अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. काय दिलं, कधी दिलं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मॅडमनी कागदच पुढे केला. आईचा फोन वॉर्डात बंद होता, ती साडेदहाला लागली. वडिलांना निरोप द्यायला एक पोरगा मोटरसायकलने शेतात गेला.

काय वेगळं करता येईल

पहिल्या कागदाने काम केलं. दुसऱ्यातली प्रसादाची ओळ मात्र ज्या माणसाला हवी होती त्याच्या हातात नव्हती. मंडळात चिनूबरोबर होती ती शेजारची मुलगी. तिला अॅलर्जी माहीत होती, पण ‘एवढ्याशा प्रसादाने काय होते’ असं तिला वाटलं, आणि देवीसमोर लेकराच्या हातातलं काढून घेणं तिला जमलं नाही. आमचं सगळं लक्ष इंग्रजी वाचणाऱ्या एका बाईंवर होतं. त्यांच्या भोवती, मुलाला हात लावू शकणारी, घास भरवू शकणारी निदान सहा माणसं मराठीच होती, आणि त्यांच्यासाठी एकही ओळ नव्हती. आता असा कागद केला तर मी आधी विचारेन की त्या वेळात मूल कोणाकोणाच्या हातात जाणार आहे, आणि भाषा त्यानंतर ठरवेन. चार मराठी ओळींची चिठ्ठी मंडळाच्या पेटीला चिकटवता आली असती. पुढच्या दिवशी तशी चिकटवलीही.

आईच्या फोनबद्दलही: वॉर्डात फोन बंद ठेवावा लागतो हे कोणी धरलंच नव्हतं. सोबतच्या दुसऱ्या नातेवाइकाचा किंवा वॉर्डाचा नंबर घेणं सोपं होतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. घरच्या घरी मांडीत टोचायचं अॅड्रेनॅलिनचं तयार पेन तालुक्याच्या एकाही औषधाच्या दुकानात मिळालं नाही. डॉक्टर म्हणतात, औषधाची काचेची अॅम्प्युल आणि सिरिंज घरी ठेवता येईल, पण ती कोण भरणार, डोस कोण मोजणार, हे शिकवून मगच. मॅडम शिकायला तयार आहेत. आईला भीती वाटते. आजीने डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर विचारलं, ‘मले दिसलं तर मलेच शिकवा.’ डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला तिघींना सोबत बोलावलं आहे, आणि अॅम्प्युल भरण्याच्या पायऱ्या मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून द्यायचं माझ्याकडे आलं आहे. या वेळी मजकूर डॉक्टर स्वतः सांगणार आणि दोन्ही प्रती तेच तपासणार, या अटीवर मी हो म्हटलं.